फुलबाजीएवढं भांडण

तर कुठवर आलो होतो? हां, जितेंद्रनं मित्राच्या, गौरांगच्या, हातातला कागद ओढून घेतला. नंदनवन वस्तीत जितेंद्रचं पत्रिका छापायचं दुकान. मुंज, बारसं, वास्तू, सगळ्यांचे शब्द त्याच्या हाताखालून गेलेले. त्यामुळं त्यांच्या मित्राच्या, ऋषीच्या, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची शुभेच्छा त्याच्याच गळ्यात पडली.

ऋषी दिवाळसणाला खाप्याला, सासरी निघाला होता. पाडव्याला बायको नूपुर त्याला ओवाळणार आणि मग मित्रांचं पत्र सगळ्या गोतावळ्यासमोर वाचलं जाणार. पत्र जमलं, तर वहिनीच्या घरी मित्रांचा चहा कायमचा पक्का. चुकलं, तर ऋषी हातचा गेला. जितेंद्रचा तर तो बालपणापासूनचा मित्र.

गौरांगनं लिहिलं होतं : ‘तुमच्या प्रेमाचा दिवा कधी न विझो, अन् पुढच्या दिवाळीले पाळणा हलो.’

“काय वाईट आहे गा यात?” गौरांग म्हणाला.

“दिवाळीच्या कागदावर विझणं लिहून राहिला तू? बांगडी फुटली तरी आपली माय वाढली म्हणते. तो ‘न’ ऐकू नाही आला, तर काय उरते?”

“अन् पाळणा?”

“तो त्यायचा त्यायले पाहू दे. तुले काहून घाई? वहिनी भरल्या घरात मान खाली घालून बसन, तेच पाहिजे का तुले?”

“मंग मजा कशाची करायची?”

“ऋषीची. तो आपलाच आहे, त्याची कितीबी करा. वहिनीले फक्त आशीर्वाद.”

नूपुरचं माहेर म्हणून जितेंद्रनं तिचं नाव आधी घातलं आणि एका बैठकीत मजकूर उतरवला :

‘सौ. नूपुरवहिनी आणि चि. ऋषी यांस,
जावईबापू, चकल्या बेतानं खा, लग्नातला कोट अजून पुष्कळदा घालायचा आहे.
वहिनी, हा घोरते. आम्ही लग्नाआधी सांगितलं नाही, माफ करा.
भांडण फुलबाजीएवढं असो, तडतडून हसू देऊन जावो. माया पणतीसारखी रोज नव्या तेलानं तेवो. दोन्ही घरचे उंबरे तुमच्या पावलांनी गजबजोत.
शुभेच्छुक : चहाच्या आशेवरची मंडळी.’

गौरांगनं दोनदा वाचलं आणि खाली सही केली. पत्र मिठाईच्या डब्यावर बांधून ऋषीच्या हाती दिलं.

पाडव्याला ओवाळणं झालं. नूपुरच्या वडिलांनी, अनंतरावांनी, पत्र मोठ्यानं वाचलं. घोरण्यापाशी सगळं घर हसलं, ऋषी लाजला. फुलबाजीपाशी मात्र आजी अंजनाबाई म्हणाल्या, “हे पुन्हा वाच गा.”

त्याच दुपारी नूपुरचा फोन आला. “भाऊजी, आजी विचारून राहिली, ते फुलबाजीचं कोणी लिहिलं? अन् चहाले कधी येता सगळे?”

जितेंद्रनं स्वयंपाकघरात कढई घासणाऱ्या बायकोकडे, प्रीतीकडे, पाहिलं आणि म्हणाला, “आजीले सांगा, लिहिलं म्या, पण शिकवलं तुमच्या जाऊबाईनं. रोज एक फुलबाजी लावते, अन् चहाबी तीच देते. रविवारी येतो आम्ही, तिलेबी घेऊन.”