काळ्या मातीचा गुलाबी फोटो

मोताळ्याजवळच्या एका शेतात मी पहिल्यांदा एकटीने मातीचा खड्डा नोंदवला, तेव्हा मृदाशास्त्राला माझ्यावाचून चालणार नाही असं मला वाटायला लागलं होतं. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. खड्ड्यात उतरायचं, थर मोजायचे, प्रत्येक थरातलं ढेकूळ ओलं करून रंगांच्या पुस्तकाशी ताडून पाहायचं. या पुस्तकाच्या पानांवर रंगाच्या चौकोनी टिकल्या असतात आणि टिकल्यांशेजारी भोकं. ऊन पाठीशी घेऊन भोकामागे माती धरायची आणि जुळणारी टिकली शोधायची. आमच्या आईला नांदुऱ्याच्या दुकानात साडी निवडायला जितका वेळ लागतो, तितकाच मला एका ढेकळाला लागला. शेवटी वरच्या थरापुढे मी 10YR 3/2 लिहिलं. म्हणजे गडद, करड्या छटेची तपकिरी; आपल्या काळ्या रानाची असते तशी.

खड्डा त्याच दिवशी बुजवला. पुढे पाऊस पडला, कपाशी उगवली, आणि मी अहवाल घेऊन सरांसमोर उभी राहिले. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. दुसऱ्याची चूक सापडली की त्यांना चहा जास्त गोड लागायचा. त्यांनी लॅपटॉपवर मी काढलेला ढेकळाचा फोटो उघडला, रंगांचं पुस्तक स्क्रीनला लावलं आणि पानं उलटत थेट 5YR च्या पानावर थांबले.

"ही माती लालसर तपकिरी आहे. तुमच्या नोंदीत काळपट. एक तर फोटो दुसऱ्या शेताचा, नाहीतर नोंद घरी बसून केलेली. खड्डा पुन्हा करा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. स्क्रीनचा उजेड वेगळा, पुस्तकावरचा वेगळा, असं मी पुटपुटले, पण सरांच्या कपाळावरची आठी हलली नाही. नमुने तर केव्हाच कुटून, चाळून झाले होते. आणि खड्डा करायचा कुठे? तिथे आता काकूंची कपाशी गुडघ्याला आली होती. त्या शेताच्या मालकीण काकूंनी मला त्या दिवशी पोटभर ठेचा-भाकर खाऊ घातली होती. आता त्यांना उभी झाडं उपटायला सांगायचं? त्यापेक्षा कॉलेज सोडलेलं परवडलं असतं.

रागारागात मी मोबाइलमधला मूळ फोटो काढला. अहवालासाठी मी तो छान कापून घेतला होता. मूळ फोटोत ढेकळाशेजारी रंगांच्या पुस्तकाचं उघडं पानसुद्धा होतं. त्या पानाचा पांढरा काठ चक्क गुलाबी दिसत होता. टिकल्याही गुलाबी, ढेकूळही गुलाबी, आणि ते ढेकूळ नेमकं 3/2 च्या टिकलीशी जुळत होतं. कोपऱ्यात गुलाबी छत्रीची झालर.

"बघा सर! आख्खा फोटोच रंगलाय."

सरांनी चष्मा पुसला. "फोटोचं समजलं. पण रंग वाचलात तोही याच छत्रीखाली का? मग ती नोंदही बाद. रंग उघड्या उन्हात वाचायचा असतो."

मी उन्हातच वाचला होता. पण साक्षीदार कोण? मी काकूंना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि विचारलं, "काकू, त्या दिवशी तुम्ही छत्री कधी धरली होती?"

"काऊन व बाई, काय झालं? तू तं भर उन्हात त्या पुस्तकात डोये घालून बसली होती. लिहून झालं, अन् मंग फोटो काढाले वाकली. तोंड लालेलाल झालं होतं तुयं. म्हनून तवा मी छत्री धरली. काही चुकलं का माह्यं?"

"नाही हो काकू. फोटोत रंग बदलला, म्हणून सर म्हणतात खड्डा पुन्हा करा."

"मंग कर ना! चार झाडं गेली तं गेली. तुया अभ्यास खराब नोको व्हाले. रविवारी येतं का? मी पुरन घालतो."

सर खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी पेन उचललं, माझ्या नोंदीखाली सही केली आणि हळूच म्हणाले, "सांगा त्यांना, खड्ड्याची गरज नाही."

"काकू, सरांनी नोंद मान्य केली! खड्डा नाही करायचा. तुमची कपाशी वाचली."

"असं का," काकू म्हणाल्या. "म्हंजे तू येत नाही मंग."