शेजारी ठेवलेल्या दोन गोळ्या

मला माझ्या रॅकचा भारी गर्व होता. नांदेडच्या एका खासगी दवाखान्यात मी फार्मासिस्ट. औषधं एबीसीडीनुसार अशी लावलेली, की डोळे मिटून हात घालावा. कुणी पाहुणा आला की आधी रॅक दाखवायचे. आमचे मुख्य फार्मासिस्ट, म्हणजे साहेब, निवृत्त होणार होते आणि त्यांची जागा मला मिळणार, हे जवळपास ठरलं होतं.

त्या सोमवारी देगलूरच्या एक बाई चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीवर कार्बामाझेपिन, महिन्याभराचं. खिडकीत ही गर्दी. मी सवयीने हात घातला आणि स्ट्रिपा काढल्या. पण गोळ्या देताना माझा एक नेम आहे : त्या कशासाठी, ते समोरच्याच्या तोंडून ऐकायचं. लोक वैतागतात. मी सोडत नाही.

“पोरीला फिट येत्यात,” बाई म्हणाल्या. “ह्या गोळीनं सहा महिने झाले, एकबी आली न्हाई. बारावीला हाय ती.”

मी हातातली स्ट्रिप वाचली. कार्बिमाझोल! थायरॉईडची गोळी. ती घरी गेली असती, तर पोरीचं खरं औषध एकदम तुटलं असतं आणि फिट परत सुरू झाल्या असत्या. मी बाईंना सरळ सांगितलं, “चुकीची काढली होती, ही घ्या बरोबर.” चिठ्ठीवरचं नाव आणि ताकद त्यांच्यासमोर ताडून दाखवली.

“हाव का? बरं झालं इचारलं,” एवढंच म्हणून त्या गेल्या.

मी चूक नोंदवायचा फॉर्म मागितला तेव्हा साहेब म्हणाले, “पेशंटच्या हातात गेली का? नाही ना? मग कशाला लिहून राहिल्या? ऐन वेळेला नाव खराब कराल.”

मी चिडले. फॉर्मवर नाव लिहायची सक्ती नव्हती, तरी ठसठशीत लिहिलं. कारणाच्या रकान्यात मात्र पेन अडलं. घाई, गर्दी असं लिहून सुटता आलं असतं. शेवटी लिहिलं : दोन सारखी नावं, आणि ती शेजारी बसवणारी माझी एबीसीडी. उपाय : दोन्ही वेगळ्या कप्प्यांत, नावांतली वेगळी अक्षरं लेबलवर मोठी, आणि चिठ्ठीवर आजार लिहावा. मग लाडका रॅक स्वतःच मोडला. इतका अभिमान मला तो लावतानाही वाटला नव्हता.

पुढच्या बैठकीत माझा फॉर्म वाचला गेला. मग साहेबांनी खिशातून घडी घातलेला फॉर्म काढून टेबलावर ठेवला. अक्षर त्यांचं, खाली सही त्यांची.

“ह्याच दोन गोळ्या,” ते म्हणाले. “मागच्या वर्षी माझ्या हातून. मीही चूक वेळेत धरली होती. पण तेव्हा लिहिलं नाही, ते आज लिहिलं.”

आणि सगळ्यांसमोर ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मी लिहिलं असतं, तर तुमच्या हातात ती चुकीची गोळी आलीच नसती.”