उजव्या बाहीची दोन बोटं

हॉटेलच्या तळघरात, धुलाईयंत्रांना लागून असलेल्या युनिफॉर्म रूममध्ये मापकाकू बसतात. हे नाव किचनने ठेवलेले. कोणावर सहज विश्वास ठेवणे त्यांच्या स्वभावात नाही. नवा सुती कोट गरम पाण्यातून काढल्याखेरीज त्या कोणाच्या अंगावर चढवत नाहीत, कारण कापड आटते. आचाऱ्याने स्वतःचे माप तोंडी सांगितले तर त्या शांतपणे ऐकून घेतात आणि मग टेप काढतात. त्यांचा मुलगा म्हणतो, आई होणाऱ्या सुनेलाही आधी टेप लावेल आणि मगच घरात घेईल. काकूंना यात थट्टा कुठे आहे ते अजून कळलेले नाही.

म्हणूनच ग्रिलवरचे वस्ताद एका दुपारी कोट घेऊन आले आणि उजवी बाही दोन बोटं आखूड करून मागू लागले, तेव्हा काकूंच्या मनात पाल चुकचुकली. विस्तवाजवळ उभी राहणारी माणसे बाही लांब मागतात. मनगट भाजले की सगळ्यांना अक्कल येते. वीस वर्षे ग्रिल सांभाळलेला माणूस आखूड बाही मागतो, आणि तीही एकच. बाही तळहातावर येते, जाळ धरेल, असे त्यांनी कारण दिले. कारण पटण्यासारखे होते, पण काकूंचा नियम असा की पटणारे कारण आधी तपासायचे.

वस्ताद गेल्यावर त्यांनी तो कोट उजेडात धरला. आचाऱ्याच्या कोटाचे दोन्ही पल्ले सारखे रुंद असतात, म्हणजे छातीवर कापडाचे दोन थर येतात. शिवाय एक पल्ला मळला की दुसरा वर घेऊन बटणे लावता येतात. वस्तादांच्या कोटाचे दोन्ही पल्ले छातीपाशी पिवळट करपलेले होते. डाग धुतले जातात, करपलेले जात नाही. उलट उजवा कफ मात्र कोरा करकरीत. ग्रिलवाल्याचा उजवा कफ सर्वांत आधी तपकिरी होतो, हे काकूंनी शेकडो कोटांवर पाहिले होते.

त्यांच्या मनाने पहिला निकाल लगेच दिला: हा गृहस्थ ग्रिलवर हात घालतच नाही. काम दुसऱ्याकडून करून घेतो आणि स्वतः जवळ उभा राहून रुबाब करतो. हा निकाल त्यांनी धुलाईवाल्या बाईला ऐकवलाही. ती म्हणाली, तुला देवळातला देवही संशयितच वाटेल. काकूंनी ते मनावर घेतले नाही. मात्र एक गोष्ट त्यांना खुपत राहिली. नुसते उभे राहणाऱ्याची छाती करपत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वस्तादांना मापासाठी बोलावले. बाहीचे माप हात लोंबकळत ठेवून घ्यायचे नसते. कोपर वाकवून मानेपासून मनगटापर्यंत टेप न्यायची, मग हात पुढे ताणायला लावून बाही किती मागे सरकते ते पाहायचे. मनगटाचे हाड झाकलेले राहिले तर बाही बरोबर.

वस्तादांनी डावा हात ताणला. बाही मागे सरकली, हाड झाकलेलेच राहिले. उजवा हात मात्र अर्ध्यावर थांबला. पुढे गेले ते कमरेपासूनचे सगळे अंग. न ताणलेल्या हातावर बाही तळहातापर्यंत लोंबत राहिली.

काकूंनी टेप खाली ठेवली.

"खांदा कधीपासून धरलाय, वस्ताद?"

"चार-पाच महिने झाले. ताई, शेफला कळलं तर ग्रिल जाईल माझं."

मागच्या बर्नरपर्यंत हात पोचत नसल्याने लोंबणारी उजवी बाही आत दुमडून ते जाळावर वाकत होते, आणि एकच बाजू करपून कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पल्ले रोज बदलत होते. कमरेचा एप्रन छातीच्या काय कामाचा? वस्तादांनी सुचवले, पल्ले अजून रुंद करा, छातीवर चांगले झाकले जाईल, आणि ही गोष्ट आपल्या दोघांत राहील.

"दोन थरांनी तुम्हाला मागे सरायला वेळ मिळतो," काकू म्हणाल्या. "तुम्ही मागे सरतच नाही. वाकलेल्या माणसाचं माप मी घेत नाही. शेफला तुम्ही सांगा. तोवर बाही कापणार नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर कोट इथेच राहील. मग शेफच विचारायला येतील."

वस्तादांनी स्वतः शेफला सांगितले, असे ते म्हणतात. काकूंनी आधीच चुगली केली होती असा त्यांना दाट संशय आहे, आणि शेफ या विषयावर बोलत नाहीत. घडले एवढे नक्की: ग्रिल दुसऱ्याकडे गेले आणि वस्ताद थंड पदार्थांच्या टेबलावर आले, जिथे विस्तव नाही आणि पोचायलाही फार लांब नाही.

त्या आठवड्यात काकूंनी उजवी बाही दोन बोटं आखूड केली. आता तिथे जाळ नव्हता. वस्ताद कोट न्यायला आले. कोट टेबलावर पसरून त्यांनी उजवी बाही डावीवर ठेवली आणि फरक स्वतःच्या दोन बोटांनी मोजून पाहिला.

काकूंनी टेप पुढे सरकवली. वस्तादांनी ती घेतली आणि पुन्हा मोजले.