चार देवांच्या पुढचे वाक्य

वेदपाठशाळेत माझा मुलगा श्रीधर पाठ म्हणत होता, मी मागे बसून ऐकत होतो. शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला गुरू उपदेश करतात, तो भाग: आई, वडील, गुरू, अतिथी यांना देव मान. ‘आचार्यदेवो भव’ म्हणताना स्वर चुकला आणि गुरुजींची छडी पाठीवर तीनदा बसली. सदऱ्यावर रक्त उमटले.

“पुढे म्हण, गाढवा!”

‘अतिथिदेवो भव’ म्हणून तो पुढच्या वाक्यावर गेला. तिथे गुरूच सांगतात: आमचे जे चांगले वागणे असेल तेवढेच घे, बाकीचे नको. स्वर अचूक होते, नजर गुरुजींवर होती. चौथ्यांदा उगारलेली छडी तशीच राहिली.

“बाबा, घरी चला,” श्रीधर मला म्हणाला.

चार देवांच्या त्या क्रमात मी दुसरा. तीन फटके मोजेपर्यंत मी जागचा हललो नव्हतो. आता हात पुढे केला. त्याने तो धरला नाही.