पिवळे कप्पे

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. वडील वारणानगरला दूध संकलनावर काम करतात. म्हणून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला जनावरांच्या औषधोपचाराच्या जुन्या पुस्तिका घ्यायचं ठरलं, तेव्हा मला फार आनंद झाला. पुस्तिकांतले तक्ते काढून मोबाईलवर शोधता येतील असे करायचे होते. आम्ही दोघी होतो. मैत्रिणीकडे स्क्रीन आणि शोध होता, माझ्याकडे तक्त्यातला मजकूर. ती शिवाजी पेठेतली. मी तिच्या घरी इतक्यांदा जेवले होते की तिची आई ताट वाढायच्या आधी मला विचारत नसे.

तक्त्यांचे रकाने अरुंद होते. ओळ संपली की शब्द तुटायचा, ‘रोगप्रति-’ वर आणि ‘बंधक’ खाली. साधं वाचन केलं तर प्रोग्राम आडवा जायचा आणि ‘रोगप्रति-’च्या पुढे शेजारच्या रकान्यातलं काहीतरी आणून ठेवायचा. म्हणून आधी प्रत्येक कप्प्याच्या सीमा ठरवायच्या, मग त्याच कप्प्यातल्या ओळी एकाखाली एक लावायच्या, आणि त्यानंतरच जोडायचं. पण जोडतानाही भीती होती. ‘हिरवा-सुका’मधली रेघ खरी असते, ती काढायची नसते. म्हणून मी असं केलं: जोडलेला शब्द पुस्तिकेत दुसरीकडे अखंड सापडला तर जोडायचा. रेघेसकट सापडला तर रेघ ठेवायची. दोन्ही नाही सापडलं तर हात लावायचा नाही, कप्पा पिवळा करायचा आणि माणसाने बघायचा. आकडे तुटले असतील तर ते नेहमीच पिवळे.

पिवळ्या कप्प्यांसाठी मी संध्याकाळी वडिलांना फोन करायचे. वासराच्या औषधाचं प्रमाण मिलीच्या रकान्यात तुटलं होतं, वर दहा आणि रेघ, खाली पंधरा. वडील म्हणाले, “दहा ते पंधरा हाय ते. बाटलीवर बी तसंच लिवलंय की.” मी रेघ तशीच ठेवली, आकडा असल्याने कप्पाही पिवळाच ठेवला. आमच्या सरांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, शंका आली की थांबायचं, हेच खरं काम. मी ते वहीत लिहून ठेवलं. चांगल्या कामाला सर ट्रेनिंगसाठी शिफारसपत्र देणार होते. ते एकच होतं. मला ते हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमका तो तक्ता उघडला. वासराच्या ओळीत लिहिलं होतं १०१५. स्क्रीनवर एकही पिवळा कप्पा नव्हता.

“हे वाचून कोणी औषध दिलं तर?” परीक्षकांनी विचारलं. “हा भाग कोणाचा?”

मैत्रीण माझ्याकडे न बघता म्हणाली, “जोडणी हिची आहे, सर.”

ते खोटं नव्हतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण पिवळे कप्पे कुठे गेले हेच मला माहीत नव्हतं. मी फक्त “चुकून झालं असेल,” म्हणाले. आमचे सर परीक्षकांच्या शेजारीच बसले होते. ते मार्कांच्या कागदाकडे बघत राहिले.

दुपारी मी प्रोग्राममधल्या बदलांची नोंद उघडली. त्या दिवशी सकाळीच, मैत्रिणीच्या नावावर, एक ओळ बदलली होती: शंकेचे सगळे कप्पे जोडून टाका. मी तिला कॅन्टीनमध्ये गाठलं. ती चिडली नाही, उलट थकल्यासारखी दिसली.

“अगं, सगळं पान पिवळं दिसत होतं. अर्धवट वाटलं असतं.”

“मला सांगायचंस तरी.”

“तू ऐकलं नसतंस.”

तेही खरं होतं. मी प्रिंट घेऊन सरांकडे गेले. मला वाटलं, सर रागावतील, तिच्यावर. त्यांनी कागद नीट वाचला आणि परत दिला.

“मीच तिला सांगितलं होतं,” ते म्हणाले. “पिवळं काढून टाक म्हणून. ती न तपासता सगळं जोडून टाकेल असं मला वाटलं नव्हतं.”

 मैत्रिणीवरचा राग घेऊन आले होते, तो आता कुठे ठेवायचा ते कळेना. मग मी विचारलं, मला आठवतंय तसं अगदी हळू, “मग सर, परीक्षकांनी विचारलं तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?”

ते म्हणाले, परीक्षकांसमोर आपसात बोलणं बरं दिसत नाही. पुढे म्हणाले, तू दुरुस्ती करून दे, आणि शिफारसपत्राचं मी तिला आधीच कबूल केलंय.

मी लॅबमध्ये जाऊन ती ओळ पूर्वीसारखी केली. तक्ते पुन्हा चालवले. कप्पे पिवळे झाले, वासराच्या ओळीत दहा, रेघ, पंधरा दिसलं. बदलाच्या नोंदीत या वेळी मी माझं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. सरांना ‘दुरुस्ती झाली’ एवढंच कळवलं. मैत्रिणीचा जेवायला येतेस का असा मेसेज आला होता. त्याला मी उत्तर दिलं नाही.