सहाशेची छत्री आणि सोडून दिलेलं उणे

आमच्या उणेबाईंनी चोवीस वर्षं डूख धरला होता, आणि खरं सांगते, मला त्यात काडीचंही गैर वाटलं नाही. मोठ्या सरांची एकदा चांगली जिरावी असं मलाही वाटायचं. त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा करू नका. मी त्या विभागात बाईंच्या शेजारच्या टेबलावर तेरा वर्षं बसले. आमच्या दोघींत एकच खण होता आणि त्याची किल्ली त्यांच्याकडे असायची.

उणेबाई हे नाव मुलांनी ठेवलेलं. अर्थशास्त्र शिकवताना त्या फळ्यावर उणे चिन्ह हातभर लांब काढायच्या, तेही लाल खडूने. मुलं हसायची. बाई म्हणायच्या, "हसा. पण परीक्षेत ही रेघ विसरलात तर मी हसेन." बारीक चणीच्या, कडक इस्त्रीच्या, लग्न न केलेल्या. भावाकडे राहायच्या. त्यांची वहिनी मला एकदा म्हणाली, "वन्संना जेवताना मध्येच काहीतरी आठवतं आणि घास हातातच राहतो. कोणाला तरी मनातल्या मनात झापत असतात." कोणाला, ते मला ठाऊक होतं.

मोठे सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. आवाज खर्जातला, आणि वर्गात नेमके पंख्याखाली उभे राहून बोलायची सवय. त्यांच्या नोट्सच्या झेरॉक्सवर पिढ्यान् पिढ्या पास झाल्या. त्या नोट्समध्येच घोळ होता.

घोळ समजायला अवघड नाही. किंमत वाढली की मागणी घटते. किंमत पाच टक्के वाढल्यावर मागणी दहा टक्के घटली, तर मागणीची किंमत लवचिकता उणे दोन. बोलताना सगळेच नुसतं 'दोन' म्हणतात, पुष्कळ पुस्तकंही तसंच लिहितात, आणि त्यात काही पाप नाही. सरांच्या नोट्समध्येही लिहिलं होतं, 'लवचिकता नेहमी ऋण असते, म्हणून चिन्ह सोडून द्यावे.' इथवर ठीक. पण पुढच्या पानावरचं सूत्र त्यांनी दुसऱ्याच पुस्तकातून उचललं होतं, आणि त्या पुस्तकाने चिन्ह सोडलेलं नव्हतं. सूत्र असं: आणखी एक नग विकून हाती येणारी जादा रक्कम, म्हणजे सीमांत प्राप्ती, बरोबर किंमत गुणिले कंसात एक अधिक, एक भागिले लवचिकता. चिन्ह सोडायचं तर त्या 'अधिक'चं 'वजा' करायला हवं होतं. सरांनी सवय एका पुस्तकाची घेतली, सूत्र दुसऱ्याचं घेतलं, आणि दोन्ही एकमेकांना कधी भेटवलीच नाहीत.

आता त्यांचा लाडका प्रश्न ऐका. बाजारात एकच छत्रीवाला. छत्री सहाशेची, लवचिकता उणे दोन, आणखी एक छत्री बनवायचा खर्च चारशे. त्याने छत्र्या वाढवाव्या की कमी कराव्या? चिन्ह ठेवलं तर कंसात अर्धा येतो, सीमांत प्राप्ती तीनशे. चारशे घालून तीनशे मिळतात, म्हणजे छत्र्या कमी करा. सरांच्या हिशेबाने कंसात दीड यायचा, प्राप्ती नऊशे, आणि सल्ला काय, तर बिनधास्त वाढवा! अहो, जास्त छत्र्या खपवायला ज्याला किंमत उतरवावी लागते, त्याला सहाशेच्या छत्रीमागे नऊशे कोण देणार आहे?

हाच प्रश्न चोवीस वर्षांपूर्वी बाईंना त्यांच्या शेवटच्या परीक्षेत आला होता, याच कॉलेजात. बाईंनी तीनशे लिहिलं, छत्र्या कमी करा लिहिलं, आणि आठपैकी शून्य मिळालं. पहिला नंबर दोन गुणांनी हुकला. पहिल्या येणाऱ्याला विभागात नोकरी मिळायची, तीही गेली. बाई दाद मागायला सरांकडे गेल्या तेव्हा सर हसले. म्हणाले, "चिन्हाचं काय घेऊन बसलीस? चिन्ह म्हणजे टोपी. काढली म्हणून डोकं बदलतं का?" स्टाफरूममधले बाकीचेही हसले. पुढची अकरा वर्षं बाईंनी खाजगी क्लासात घसा फोडला, आणि मग याच विभागात, याच माणसाच्या हाताखाली लागल्या.

"इथेच कशाला आलात?" मी एकदा विचारलं होतं.

"त्यांच्या जवळ राहायला," त्या म्हणाल्या, आणि खणाला कुलूप लावलं.

त्या खणात त्यांच्या त्या उत्तरपत्रिकेची नक्कल होती. मी पाहिली आहे. शून्याभोवती सरांनी दोनदा पेन फिरवलेलं होतं.

सर निवृत्त होणार त्या वर्षी अंतिम पेपर त्यांनीच काढला. तपासणीच्या खोलीत आम्हाला उत्तरसूची वाटली गेली. पाचवा प्रश्न, छत्रीवाला. 'लवचिकता २ (चिन्ह सोडून). सीमांत प्राप्ती ९००. उत्पादन वाढवावे.' खाली सरांची झोकदार सही. बाईंनी तो कागद इतका वेळ धरला की मला वाटलं यांना घेरी आली. मग मान वर केली. चेहरा उजळलेला, लग्नघरातल्यासारखा.

"आत्ताच जाऊन सांगूया का?" मी कुजबुजले.

"आत्ता सांगितलं तर काय होईल? खाडाखोड करतील, टायपिस्टवर ढकलतील, आणि शाल घेऊन घरी जातील. नाही. निकाल लागू दे. त्यांच्या सहीचा निकाल लागू दे. मग बघते."

मी गप्प बसले. बसले कसली, मला उकळ्या फुटत होत्या. बाईंनी लाल पेन उघडलं आणि सूचीबरहुकूम तपासायला लागल्या. बहुतेकांनी नोट्समधलं नऊशेच लिहिलं होतं. एका पेपरापाशी मात्र त्या थबकल्या. नाव नव्हतं, पण डावीकडे झुकलेलं ते अक्षर दोघींनीही ओळखलं. आमच्या वर्गातली खिडकीपाशी बसणारी मुलगी. तिने तीनशे लिहिलं होतं, आणि उणे चिन्ह चक्क हातभर लांब काढलं होतं, बाईंसारखंच.

"बाई, हिला तरी..."

"आठ दिवसांचा प्रश्न आहे. परत मिळतील तिला."

आणि त्यांनी शून्य दिलं.

निकाल लागला. मुलीला चौपन्न पडले. पुढच्या शिक्षणाला तिला साठ हवे होते, आणि प्रवेशाची यादी पंधरवड्यात बंद होणार होती. ती उत्तरपत्रिकेची नक्कल घेऊन बाईंकडे आली. "मॅडम, तुम्हीच शिकवलं तसं लिहिलंय. माझं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही. थोडी थांब, सगळं नीट होईल."

"गुरुवारी यादी बंद होते, मॅडम."

"होईल गं. माझ्यावर सोड."

बाई त्याच दिवशी उत्तरसूचीवर हरकतीचा अर्ज देऊ शकत होत्या. दिला नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दिला, कारण मग परीक्षा समितीची बैठक शनिवारी लागणार होती, सरांच्या निरोप समारंभाच्या आदल्या दिवशी. मला त्यांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांची पाठ थोपटली. गुरुवार माझ्या ध्यानातच आला नाही. त्यांच्या आला होता की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

शनिवारची बैठक मी मरेपर्यंत विसरणार नाही. प्राचार्य, समितीचे तिघे, आम्ही दोघी आणि सर. बाईंनी आवाज चढवला नाही. सरांच्या हाती खडू दिला.

"सर, सूत्र राहू द्या. समजा सहाशेला शंभर छत्र्या खपतात. किती आले?"

"साठ हजार," सर हसून म्हणाले.

"किंमत एक टक्का उतरवा. पाचशे चौऱ्याण्णव. लवचिकता तुमचीच. छत्र्या किती खपतील?"

"एकशे दोन."

"आता गुणाकार करा."

सरांनी केला. साठ हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी. खडू मध्येच थांबला.

"दोन जास्तीच्या छत्र्यांमागे पाचशे अठ्ठ्याऐंशी. एकीमागे?"

"दोनशे... चौऱ्याण्णव."

"म्हणजे तीनशेच्या आसपास. नऊशे कुठून आणलेत, सर?"

सर फळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या मानेवरून घाम ओघळताना मला दिसला आणि, देवाशप्पथ, मला फार बरं वाटलं.

"टोपी काढलीत, सर," बाई म्हणाल्या, "डोकं तेच राहिलं का?" आणि पर्समधून आपल्या जुन्या उत्तरपत्रिकेची नक्कल काढून त्यांच्यापुढे ठेवली. सरांना ती आठवली की नाही कोण जाणे. ते खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं.

प्राचार्यांनी विचारलं, "तपासताना हे लक्षात आलं नाही तुमच्या?"

"मला उत्तरपत्रिका तपासायला दिल्या होत्या. उत्तरसूची नाही."

सगळ्या पेपरांची फेरतपासणी ठरली. निरोप समारंभ रद्द झाला, सरच आले नाहीत. नोट्सचं पुस्तक निघणार होतं, तेही बारगळलं. बाईंनी मला त्या दिवशी आग्रहाने दोन कप चहा पाजला आणि स्वतः मोठमोठ्याने हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

फेरतपासणी झाली आणि पुढच्या सोमवारी मुलगी आली. नवी गुणपत्रिका हातात, बासष्ट.

"बघ, म्हटलं होतं ना!" बाई उठल्याच.

"यादी त्या गुरुवारीच बंद झाली, मॅडम. मी जाऊन आले. म्हणाले, आता काही होत नाही."

"मी पत्र देते. प्राचार्यांशी बोलते. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी बाबा थांबणार नाहीत. कापडाच्या दुकानात काउंटरवर लावलंय मला. उद्यापासून." तिने जुन्या उत्तरपत्रिकेची नक्कल टेबलावर ठेवली आणि शून्यावर बोट टेकवलं. "एवढंच विचारायचं होतं. हे शून्य सरांनी दिलं नाही ना? हे वळण तुमचं आहे."

बाई परत खुर्चीत बसल्या.

"माझं बरोबर आहे हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो," बाई म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत, तेवढं त्यांच्या पदरात टाकते.

मुलीने मान हलवली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. नक्कल घडी करून पिशवीत नीट ठेवली आणि दाराशी जाऊन वळली.

"तुम्ही किती वर्षं थांबला होतात, मॅडम?"

"चोवीस."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

बाईंनी खणाची किल्ली काढून माझ्यापुढे सरकवली. त्या दिवसापासून तो खण मी वापरते.