आवाज बंद ठेवून

आमच्या खोलीत चाळीस माणसं दिवसभर व्हिडिओ बघतात, तरी टाचणी पडली तर ऐकू येईल. सगळे आवाज बंद ठेवून बघतात. चित्र डोळ्यांतून दोन दिवसांत पुसलं जातं, किंकाळी मात्र कानात बिऱ्हाड करते, हे प्रत्येकजण पहिल्याच महिन्यात शिकतो. कंपनीनेही तशी मुभा दिली आहे. फक्त एक अट आहे: व्हिडिओ ठेवायचा की काढायचा हा निर्णय काठावरचा असेल, तर एकदा तरी आवाजासह पाहायचं. ही अट सगळ्यांना तोंडपाठ आहे, पाळत कुणी नाही.

माझ्या शेजारी बसते, तिला आम्ही कात्री म्हणायचो. लोकांनी तक्रार केलेले व्हिडिओ तिच्या पडद्यावर रांगेने यायचे आणि ही फटाफट निकाल लावायची. चुलत बहिणीच्या लग्नातही पदार्थांवरून नजर फिरवत ‘हे ठेवा, हे काढा’ म्हणाली होती. हाताखालच्या नव्या पोरींना ती नियम असे शिकवायची: “मूल धोक्यात दिसलं की काढायचं, विचार करत बसायचं नाही. मोठ्या माणसाने जिवाशी खेळ केला आणि ‘तुम्हीही करून बघा’ म्हणाला, तरी काढायचं. शिकलेला माणूस आहे, दोर बांधलाय, खाली गादी आहे, कुणाला आव्हान देत नाही, तर ठेवायचं. पण अठराच्या आतल्यांना बंद. बातमी असेल तर आधी वरच्यांना विचारायचं.”

मी तिच्याहून सात वर्षांनी मोठी, म्हणून ती मला ताई म्हणते. माझं काम तपासनिसाचं. प्रत्येकाच्या निर्णयांतले थोडे नमुने माझ्याकडे येतात, ते बरोबर की चूक हे मी ठरवते. कोणाचे कुठले आले, ते त्या माणसाला कळत नाही.

तो व्हिडिओ तिच्याकडे एका मंगळवारी आला. एक कसरतपटू डोळ्यांवर पट्टी बांधून गच्चीच्या कठड्यावरून चालतो. कमरेला दोर, खाली जाडजूड गादी, कोपऱ्यात ‘प्रशिक्षित व्यक्ती’ अशी पाटी. कात्रीने दुप्पट वेगाने, आवाज बंद ठेवून पाहिला. सगळं नियमात बसत होतं. तिने वयाची अट घातली आणि पुढचा घेतला. म्हणजे आता लॉगिन केल्याशिवाय तो दिसणार नव्हता, आणि लॉगिन करूनही ज्याच्या खात्यावर अठरा पूर्ण लिहिले आहेत त्यालाच. खात्यावर लिहिलेलं वय कितपत खरं, ते देवाला ठाऊक.

नऊ दिवसांनी, भर दुपारी, तिच्या रांगेत एक मुलगी आली. डोळ्यांवर राखाडी ओढणी, पाय कठड्यावर, दोर नाही की गादी नाही. बाजूला खातेदाराचं नाव नाही, फक्त वय दिसतं, तिथे सत्तेचाळीस लिहिलं होतं. कात्री हसून मला म्हणाली, “बघा ताई, सत्तेचाळिसाव्या वर्षी काय तोल सांभाळतेय बाई.” मग ती हसायची थांबली. मुलीमागे पाण्याची निळी टाकी होती आणि तिच्यावर चुन्याने काढलेला आकडा. ती तिच्याच बिल्डिंगची टाकी होती. ओढणीही तिचीच, ऑफिसला घालायची.

मुलगी तिची भाची. चौदा वर्षांची. बहीण गेल्यापासून हिच्याकडेच असते. कात्रीने तिला आपला जुना फोन दिला होता आणि त्यात आपलंच खातं उघडं ठेवलं होतं. नवीन खातं काढू, काढू म्हणत राहून गेलं.

तिने शाळेत फोन लावला. भाची वर्गात होती. शिक्षिकेने तिला फोनवर बोलावलं. “मावशी? काय झालं?”

“तू धड आहेस ना?”

“हो. का गं?”

कात्रीने फोन ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून रडली. आपल्या माणसाचा व्हिडिओ आपण हाताळायचा नसतो, म्हणून तो मी काढला. पण काढण्याआधी तिने हात लांब करून आवाज चालू केला. भाची प्रत्येक पावलाला आकडा म्हणत होती. सहाव्या पावलानंतर आत उडी मारून, धापा टाकत, गोड आवाजात म्हणाली, “आता तुमची पाळी. दोर कशाला हवा?”

संध्याकाळी घरी तिने भाचीला विचारलं, हे शब्द कुठून आणलेस. भाचीने मूळ व्हिडिओ दाखवला. तोच मंगळवारचा. मावशीच्या खात्यावर तो खुशाल उघडत होता. कसरतपटू आकडे म्हणत चालत होता आणि शेवटी हसत, पाहुण्याला जेवायला बोलवावं इतक्या प्रेमाने म्हणत होता, “आता तुमची पाळी. दोर कशाला हवा?”

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः वरिष्ठांकडे जाऊन चूक सांगितली. मूळ व्हिडिओ काढला गेला, त्याचा ठसा यंत्रात नोंदला गेला. ठसा नोंदला की त्याच्या नकला आपोआप पकडल्या जातात. नुसती वयाची अट घातली असताना तसं होत नाही, म्हणून नऊ दिवस त्या मोकाट फिरत होत्या. तीनशेच्या वर सापडल्या. ज्यांची कड कापलेली किंवा वेग बदललेला, त्या निसटल्या. आणि लोकांनी स्वतः करून टाकलेले व्हिडिओ म्हणजे नकला नव्हेत, ते एकेक करून माणसानेच बघायचे. ते कात्रीने मागून घेतले. मी नको म्हणत होते.

त्यातल्या एकात फक्त चपला घातलेली दोन लहान पावलं दिसतात. आकडे ऐकू येतात, भाषा आम्हाला दोघींनाही कळली नाही. पाचव्या आकड्यानंतर फोन पडतो. मग सात सेकंद नुसतं आभाळ, आणि कुणीतरी कुणाला तरी हाक मारतंय. एकच हाक, पुन्हा पुन्हा. जिवाला धोका दिसला की तसं वर कळवायचं असतं, तिने कळवलं. वरून पुढे पोलिसांना कळवतात म्हणे. खाली उत्तर येत नाही, कधीच आलेलं नाही. तिने चार वेळा विचारलं. मग विचारणं सोडलं.

आता ती प्रत्येक व्हिडिओ आवाजासह बघते. तिचा वेग निम्म्यावर आलाय, कात्री हे नाव कुणी घेत नाही. जिना चढताना पाचव्या पायरीवर थांबते. मला वाटायचं, दम लागतो. भाची म्हणाली, मावशी भांडी घासतानाही मध्येच नळ बंद करून ऐकत राहते. मीच तिला डॉक्टरकडे घेऊन गेले. झोपेची गोळी मिळाली. गोळीने झोप येते, हाक थांबत नाही, असं ती म्हणाली.

परवा डबा खाताना तिने माझा हात धरला. “ताई, नशीब बघा. माझे शंभर निर्णय तुमच्याकडे जातात, नेमका तोच गेला नाही. तुमच्या नजरेतून तो सुटला नसता. ते पोर वाचलं असतं.”

तो माझ्याकडे आला होता. त्याच मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास. मी दुप्पट वेगाने, आवाज बंद ठेवून पाहिला आणि तिच्या निर्णयापुढे ‘बरोबर’ अशी खूण केली. पुढे झालेल्या चौकशीत तपासनिसाला कुणी काही विचारलं नाही, आणि मी आपणहून सांगितलं नाही.

मी तिला म्हणाले, “भाजी घे, गार होतेय.” तिने घेतली.